तिप्पट ऑर्डरी आणि अकरा दिवसांचा फरक: एका फराळाच्या दुकानाचं प्रकरण

पुण्यातलं एक फराळाचं दुकान. पुढे काउंटर, मागे भटारखाना, कामाला बारमाही सहा बायका आणि दिवाळीत वीसेक. वर्षभर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उपवासाचे पदार्थ. दिवाळीत चकली, चिवडा, शेव, करंजी, अनारसे. ऑर्डरी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दोन वर्षांपूर्वी केलेल्या छोट्या वेबसाइटवर येतात. आधीच सांगून ठेवतो, हे दुकान आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. सणांच्या तारखा, करांचे आणि टपालाचे बदल मात्र खरे आहेत, आणि प्रकरणाची सगळी गंमत तारखांमध्येच आहे.

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार. लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ तारखेला. मालकीणबाईंना शेजारच्या इमारतीतला गाळा हवा होता. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, भाडं महिना ४५ हजार, आणि एजंटचा निरोप असा की पाडव्याला, म्हणजे २२ तारखेला, टोकन दिलं नाही तर गाळा दुसऱ्याला जाईल. त्यांचा भाचा दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवतो. त्याने दर आठवड्याच्या ऑर्डरी मागच्या वर्षीच्या त्याच क्रमांकाच्या आठवड्याशेजारी मांडल्या होत्या. सोमवार ते रविवार असा आठवडा, वर्षातला ४०वा, ४१वा, ४२वा. गेल्या तीन आठवड्यांचं चित्र असं होतं: ४०व्या आठवड्यात ७२च्या जागी १४४ ऑर्डरी, ४१व्यात १०२च्या जागी ३०४, ४२व्यात २०४च्या जागी ४६७. तीन आठवडे मिळून ३७८ विरुद्ध ९१५, म्हणजे १४२ टक्के वाढ.

"मावशी, एक आठवडा तर तिप्पट गेलाय. आता जागा घेतली नाही तर पुढच्या वर्षी ऑर्डरी परत पाठवायची वेळ येईल."

"तिप्पट झालं असतं तर तेलाचे डबे तिप्पट लागले असते की रे. मी सप्टेंबरपासून डबे मोजतेय. एवढं तेल काही गेलेलं नाही."

मला हे उत्तर फार आवडतं. बाईंकडे कोणतंही कोष्टक नव्हतं, पण त्या सगळ्या हंगामाचं तेल एकत्र मोजत होत्या आणि भाचा हंगामाचे तुकडे मोजत होता. प्रश्न नेमका तिथेच होता.

आठवडा तोच, दिवाळी वेगळी

मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करायची पद्धत मुळात चांगली आहे. मागच्या महिन्याशी तुलना केली तर ऑक्टोबर हा सप्टेंबरपेक्षा नेहमीच मोठा दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही. वर्षाशी वर्ष लावलं की ऋतू, शाळेच्या सुट्ट्या, पावसाळ्यातली मंदी हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं येतं आणि उरतो तो फरक धंद्याचा असतो. अडचण एवढीच की ज्याच्यामुळे निम्मा धंदा होतो तो सण या कॅलेंडरवर चालत नाही.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. म्हणून दिवाळी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडे उडी मारते. गेल्या काही वर्षांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की हे दिसतं:

| वर्ष | गणेश चतुर्थी | लक्ष्मीपूजन | वार | कितवा आठवडा |
|---|---|---|---|---|
| २०२३ | १९ सप्टेंबर | १२ नोव्हेंबर | रविवार | ४५ |
| २०२४ | ७ सप्टेंबर | १ नोव्हेंबर | शुक्रवार | ४४ |
| २०२५ | २७ ऑगस्ट | २१ ऑक्टोबर | मंगळवार | ४३ |
| २०२६ | १४ सप्टेंबर | ८ नोव्हेंबर | रविवार | ४५ |

शेवटच्या रकान्यावरून वाटेल की एकच आठवडा तर सरकलाय. फसायला होतं ते इथेच. फरक अकरा दिवसांचा आहे, म्हणजे एक आठवडा आणि वर चार दिवस. २०२५चा ४२वा आठवडा १३ ते १९ ऑक्टोबर, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आधीचा आठवा दिवस ते दुसरा दिवस. चकल्यांची सगळ्यात जास्त मागणी असते तेच हे दिवस. २०२४चा ४२वा आठवडा १४ ते २० ऑक्टोबर. तो लक्ष्मीपूजनाच्या अठरा दिवस आधी सुरू झाला आणि बारा दिवस आधी संपला. तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि बहुतेक घरांत फराळाचा विषयही निघाला नव्हता. भाच्याने फराळाचा ऐन आठवडा मागच्या वर्षीच्या सुस्त आठवड्याशेजारी ठेवला होता. २०४ विरुद्ध ४६७ हा फरक बहुतांशी या दोन आठवड्यांच्या जागेचा होता, दुकानाचा नव्हता.

असा फुगवटा पुढे स्वतःहून उलटा फिरतो, आणि ती त्याची सगळ्यात सोपी खूण आहे. या प्रकरणात पुढचे दोन आठवडे असे गेले: ४३व्या आठवड्यात ३९४च्या जागी १६०, ४४व्यात २९६च्या जागी ७०. म्हणजे आधी तिप्पट, मग पंधरा दिवसांत पाऊणपट घट. खरी वाढ अशी वागत नाही. ४० ते ४५ हे सहाही आठवडे एकत्र केले तर ११३७ विरुद्ध १२१५, वाढ जेमतेम ७ टक्के. पण ही बेरीज नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळते, आणि एजंटला उत्तर २२ ऑक्टोबरला हवं होतं.

लक्ष्मीपूजनापासून मोजलेले आठवडे

हातात असलेल्या आकड्यांतूनच उत्तर काढायचं तर आठवड्यांची सुरुवात बदलावी लागते. सोमवार सोडून द्यायचा आणि लक्ष्मीपूजनाचा दिवस शून्य धरायचा. त्या दिवसापासून पुढचे सात दिवस हा शून्य क्रमांकाचा आठवडा. त्याआधीचे सात दिवस उणे एक. त्याआधीचे उणे दोन. गूगल शीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये ऑर्डरीची तारीख A रकान्यात असेल तर २०२५साठी एवढंच पुरतं:

```
=INT((A2-DATE(2025,10,21))/7)
```

`INT` हे फंक्शन ऋण संख्याही खालच्या बाजूला नेतं, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदला दिवस बरोबर उणे एकमध्ये पडतो. त्याजागी `ROUNDDOWN` वापरलं तर ते शून्याकडे ओढतं आणि सणाच्या आधीचे सहा दिवस शून्याच्या आठवड्यात घुसतात. मग तो आठवडा तेरा दिवसांचा होतो आणि सगळी तुलना बिघडते. शून्याचा आठवडा संशयास्पद मोठा दिसला तर आधी हे तपासावं. प्रत्येक वर्षाची लक्ष्मीपूजनाची तारीख वेगळ्या छोट्या तक्त्यात ठेवून तिथून उचलणं अर्थात जास्त चांगलं.

तारीख कोणती धरायची हाही प्रश्न असतो. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २० की २१ ऑक्टोबर, असे दोन्ही वर्षी मतभेद होते. दिल्ली-बंगळुरूकडच्या गिऱ्हाइकांनी काही वेळा आपल्याआधी एक दिवस दिवाळी केली. आपलं बहुतेक गिऱ्हाईक जे पंचांग पाळतं त्याची तारीख घ्यावी आणि सगळ्या वर्षांना तेच पंचांग लावावं. एका दिवसाच्या फरकाने निष्कर्ष बदलत नाही. एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरं पंचांग धरलं तर मात्र विनाकारण गोंधळ होतो.

या मांडणीचा एक फायदा सुरुवातीला लक्षात येत नाही. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर २०२४ मध्ये ५५ दिवसांचं होतं आणि २०२५ मध्येही ५५ दिवसांचंच. दसरा ते लक्ष्मीपूजन २० आणि १९ दिवस. म्हणजे शून्य दिवस जुळवला की गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा सगळे आपोआप एकमेकांसमोर येतात. पितृपक्षातला मंद आठवडा पितृपक्षाशी आणि नवरात्रातला उपवासाच्या पदार्थांचा उठाव नवरात्राशी ताडला जातो.

१९ तारखेच्या रात्री भाच्याने तीन वर्षांच्या ऑर्डरी अशा पुन्हा लावल्या. उणे चार, उणे तीन आणि उणे दोन हे आठवडे तेव्हा पूर्ण झालेले होते. २०२४ मध्ये ते ८५, १५० आणि ३१० होते. २०२५ मध्ये ८८, १६० आणि ३३५. एकूण ५४५ विरुद्ध ५८३, वाढ ७ टक्के. उणे एकचे सहा दिवस झाले होते, तर मागच्या वर्षीचेही नेमके तेवढेच सहा दिवस घेऊन ३७६ विरुद्ध ४०७, वाढ ८ टक्के. अपुऱ्या आठवड्याला पूर्ण आठवड्यासमोर ठेवायचं नाही, हे पथ्य इथे महत्त्वाचं. १४२ टक्क्यांचे ७-८ टक्के झाले आणि त्यासाठी एकही नवा आकडा गोळा करावा लागला नाही.

दिवाळी संपल्यावर हंगामाचे पाचही आठवडे, उणे चार ते शून्य, मिळून हिशेब आला १०७५ विरुद्ध ११६०. म्हणजे अंदाज टिकला. २०२३ साली हाच आकडा १०१० होता, तेव्हा त्याआधीची वाढही ६ टक्क्यांच्या आसपासच होती.

रुपये, किलो आणि परदेशचे डबे

इथे थांबलं असतं तर "८ टक्के वाढ" असं लिहून फाइल बंद झाली असती. पण भाच्याने रुपये पाहिले आणि पुन्हा उत्साहात आला. हंगामाची विक्री २०२४ मध्ये १५ लाख, २०२५ मध्ये १७ लाख ८० हजार. म्हणजे जवळजवळ १९ टक्के.

रुपये हे दोन गोष्टींचं मिश्रण असतं, माल आणि भाव. म्हणून किलो काढले: २८०० किलोचे २९६० किलो, वाढ ६ टक्क्यांच्या आत. किलोमागे मिळालेले पैसे ५३६वरून ६०१ झाले, म्हणजे सुमारे १२ टक्के वाढले. यामागचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १४ सप्टेंबर २०२४ला केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झालं. दुकानाचं २०२४चं दिवाळीचं दरपत्रक त्याआधीच छापलेलं होतं आणि बाईंनी तो हंगाम जुन्याच दराने काढला. भाव वाढले ते २०२५ मध्ये. १९ टक्क्यांतला मोठा वाटा या उशिरा केलेल्या भाववाढीचा होता.

रुपयांत आणखी एक गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम दोन वर्षांसाठी जशीच्या तशी घेतली तर २०२४च्या बाजूला जास्त कर चढलेला असतो आणि वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. वरचे आकडे कर वजा करून घेतलेले आहेत. बँकेत जमा झालेल्या रकमेवरून तुलना करणाऱ्यांनी, आणि असे पुष्कळ आहेत, हे आधी करून घ्यावं.

आता एक बारीक गोष्ट खटकत होती. ऑर्डरी ८ टक्के वाढल्या आणि किलो ६ टक्केच. म्हणजे प्रत्येक ऑर्डरीत माल कमी गेला. भाच्याचा पहिला अंदाज होता की लोक महागाईमुळे छोटे डबे घेतायत. तसं असतं तर ती काळजीची गोष्ट होती. बाई म्हणाल्या, "अमेरिकेचे डबे बघ आधी. या वर्षी ते गेलेच कुठे?"

ते खरं होतं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून काढून घेतली. भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं आणि ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. तोवर लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले होते. मुलाकडे, मुलीकडे फराळ धाडणारी गिऱ्हाइकं खासगी कुरिअरचे दर ऐकून परत गेली. हंगामाच्या पाच आठवड्यांतल्या परदेशी ऑर्डरी ९६वरून ५२वर आल्या. परदेशचा डबा साधारण पाच किलोचा असतो, देशातला अडीच किलोच्या आतबाहेर. मोठे डबे गळाले म्हणून सरासरी खाली आली. घरगुती गिऱ्हाइकाने हात आखडलेला नव्हता.

परदेश बाजूला काढल्यावर देशातल्या ऑर्डरी ९७९वरून ११०८, म्हणजे १३ टक्के वाढल्या, आणि त्यांचे किलो २३२०वरून २७००, म्हणजे १६ टक्के. इथे चित्र पुन्हा बदलतं, आणि या वेळी दुकानाच्या बाजूने. तारखेचा फुगवटा काढल्यावर जी वाढ किरकोळ वाटली तिच्याआड एका बाहेरच्या घटनेने मोठा खड्डा पाडलेला होता. वर्षाशी वर्ष लावणारी तुलना खड्डा दाखवते, पण तो कशाचा हे सांगत नाही. त्यासाठी ऑर्डरी निदान दोन-तीन गटांत फोडून ठेवलेल्या असाव्या लागतात. या दुकानात पिनकोड आणि देश हे रकाने भरलेले होते म्हणून हे अर्ध्या तासात निघालं.

सण नसलेले आठवडे काय सांगतात

हंगामाची कितीही छाननी केली तरी एक शंका राहते. दिवाळीला सगळ्यांचाच धंदा होतो. एखाद्या वर्षी शेजारचं दुकान बंद होतं, एखाद्या वर्षी पाऊस लांबतो आणि घरी फराळ करणं लोकांना नको होतं. म्हणून माझ्या मते खरी वाढ पाहायची जागा सणाच्या बाहेर आहे. ज्या आठवड्यांत विकत घ्यायला काही निमित्त नसतं, त्यात गिऱ्हाईक वाढलं असेल तर ते आपल्यासाठी आलेलं असतं.

तसे आठवडे महाराष्ट्रात शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा, मग लग्नसराई, मग आषाढी आणि श्रावणापासून रांगच लागते. या दुकानासाठी २३ ते २९ हे सात आठवडे निवडले, म्हणजे साधारण जूनची सुरुवात ते जुलैचा तिसरा आठवडा. इथे कॅलेंडरचेच आठवडे वापरले, कारण पावसाळा आणि शाळा तिथीने चालत नाहीत. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होती. दोन्ही या पट्ट्याच्या आत पडतात, म्हणून उपवासाच्या भाजणीचा उठाव दोन्हीकडे एकदाच मोजला जातो.

सात आठवड्यांच्या ऑर्डरी २०२४ मध्ये ३३६ आणि २०२५ मध्ये ३९९ निघाल्या. वाढ १९ टक्के. यात एक शंका काढता येते. २०२५चा श्रावण २५ जुलैला सुरू झाला आणि पट्ट्याचा शेवट २० जुलैला होतो. श्रावणाची आगाऊ खरेदी शेवटच्या आठवड्यात आली असेल. तो आठवडा दोन्ही वर्षांतून गाळून पाहिला तर २८८ विरुद्ध ३३८, म्हणजे १७ टक्के. पट्ट्याची कड कापून निष्कर्ष कोसळला असता तर तो ठेवला नसता. दिवाळीनंतर ४७ ते ५० या चार आठवड्यांनीही तेच सांगितलं: आठवड्याला सरासरी ५२ ऑर्डरींच्या जागी ६२, पुन्हा १९ टक्के.

तर देशातला दिवाळीचा फराळ ऑर्डरींत १३ आणि किलोंत १६ टक्के, पावसाळ्यातला रोजचा माल १७ ते १९ टक्के, दिवाळीनंतरचा १९ टक्के. एकमेकांना न शिवणारे तीन काळ आणि तिन्हींची उत्तरं जवळजवळ. वाढ खरी आहे असं मी म्हणतो ते याच्या जोरावर. एकटा आठवडा, तो कितीही नीट जुळवला तरी, एवढा भरवसा देत नाही.

शेवटची तपासणी गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांवरून केली. २०२३च्या दिवाळीत पहिल्यांदाच आलेल्या ३०० गिऱ्हाइकांपैकी ३३ जणांनी पुढच्या दिवाळीआधी काहीतरी मागवलं होतं, म्हणजे ११ टक्के. २०२४च्या दिवाळीत नवीन आलेले ३४०. त्यांतले ५१ जण, म्हणजे १५ टक्के, वर्षात परत आले, बहुतेक भाजणी आणि गोड्या मसाल्यासाठी. फराळातून आलेलं गिऱ्हाईक स्वयंपाकघरात टिकायला लागलं होतं. हा आकडा लहान आहे आणि त्यावर फार इमारत उभी करू नये. पण पावसाळ्यातल्या वाढीचा एक धागा इथून येतो हे दिसलं.

गाळ्याचं काय झालं

बाईंनी टोकन दिलं नाही. १९ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत हाती आलेलं ७-८ टक्के एवढं उत्तर त्यासाठी पुरेसं होतं. नंतरच्या हिशेबानेही तो निर्णय टिकला. अकरा महिन्यांचं भाडं ४ लाख ९५ हजार. वाढलेला सगळा फराळ, परदेशची घट धरून, १६० किलो, म्हणजे सहाशेच्या भावाने लाखाच्या आत विक्री. अगदी परदेशची घट विसरून फक्त देशातले ३८० किलो धरले तरी विक्री २ लाख ३० हजारांच्या आसपास जाते, आणि विक्री म्हणजे नफा नव्हे. शिवाय जागेची खरी टंचाई उणे दोन आणि उणे एक या दोनच आठवड्यांत असते. हंगामाच्या ११६० ऑर्डरींतल्या ७९० त्या चौदा दिवसांत आल्या होत्या. दोन आठवड्यांच्या गर्दीसाठी अकरा महिने भाडं भरणं हे तिप्पट वाढ खरी असती तरी मला पटलं नसतं.

त्याऐवजी ठरलं ते असं. पुढच्या हंगामात महिनाभर एका मंगल कार्यालयाचं मागचं स्वयंपाकघर भाड्याने घ्यायचं. सण नसलेल्या दिवसांची वाढ सांभाळायला एक बाई कायम कामाला आणि भाजणी-मसाल्यांसाठी पाकिटं भरून सील करणारं एक छोटं मशीन. दिवाळीपेक्षा या बाजूला पैसे घालायला भाचा सुरुवातीला तयार नव्हता. बाजारात मिरवता येते ती दिवाळीची ऑर्डर, मेतकुटाची नव्हे.

या मांडणीचं कुठे अडतं

तिथी जुळली तरी वार जुळत नाहीत. २०२४चं लक्ष्मीपूजन शुक्रवारी होतं, म्हणून त्याआधीचे शेवटचे शनिवार-रविवार सहा आणि पाच दिवस आधी आले. २०२५ मध्ये मंगळवार, तेव्हा ते तीन आणि दोन दिवस आधी. सात दिवसांच्या गटात प्रत्येक वार एकदाच येतो, त्यामुळे आठवड्याच्या बेरजेवर याचा परिणाम थोडा असतो. रोजच्या रोज तुलना केली तर मात्र तो मोठा दिसतो, म्हणून शून्य दिवस धरूनही दिवसावारी निष्कर्ष काढू नयेत. पगाराचंही तसंच. २०२५ मध्ये पगाराचा आठवडा उणे तीनमध्ये पडला, २०२४ मध्ये ऑक्टोबरचा पगार ऐन दिवाळीला टेकला होता. एखाद्या आठवड्याची वाढ शेजारच्या आठवड्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वेगळी निघाली तर आधी हे पाहावं.

ऑर्डर नोंदवल्याची तारीख आणि माल दिल्याची तारीख यांतली एकच धरावी. समजा पुढच्या वर्षी आगाऊ नोंदणी दसऱ्याऐवजी घटस्थापनेला सुरू केली. उणे चार आणि उणे तीन फुगतील, उणे एक आक्रसेल. आठवड्यांची रांग पाहून वाटेल सुरुवात दणक्यात झाली आणि शेवट ढासळला. अशा वर्षी सुटे आठवडे सोडून फक्त हंगामाची बेरीज बघायची.

२०२६चं वर्ष या शीटची खरी परीक्षा घेईल. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी अठरा दिवस पुढे, ८ नोव्हेंबरला जाते. कॅलेंडरचा ४२वा आठवडा, १२ ते १८ ऑक्टोबर, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या सत्तावीस ते एकवीस दिवस आधी असेल. त्याच्यासमोर ४६७ हा आकडा येईल आणि दुकान उत्तम चाललं असलं तरी ऑर्डरी शंभराच्या आसपासच दिसतील. अधिक महिन्याचा फटका पावसाळ्याच्या पट्ट्यालाही बसतो. आषाढी एकादशी २५ जुलैला जाते, म्हणजे २३ ते २९ आठवड्यांच्या बाहेर, आणि २०२५च्या बाजूला मात्र ती आत आहे. म्हणून २०२६साठी भाच्याने पट्टा बदलून ४ ते ६ हे आठवडे घेतलेत, संक्रांतीनंतर आणि महाशिवरात्रीच्या आधी. तीनच आठवडे असल्यामुळे ते डळमळीत आहेत, तेव्हा जोडीला ४७ ते ५०चा पट्टा पुन्हा मोजायचाय. पण २०२६ मध्ये त्यातला पहिला आठवडा लक्ष्मीपूजनानंतर आठव्या दिवशीच सुरू होतो, म्हणून या वेळी तो ४८पासून धरायचा, आणि २०२५च्या बाजूलाही ४८पासूनच.